हिरव्या तारेवरची एक गाठ

प्रकाशशास्त्राच्या पेटीतले दोन जिलेटीनचे कागद नाहीसे झाल्याचे माझ्या लक्षात आले, तेव्हा मला त्या कॉलेजात रुजू होऊन दीड महिना झाला होता. पेटीत एकूण सहा रंगांचे कागद असायचे. पिवळा, निळा, जांभळा आणि नारिंगी आपापल्या पाकिटात होते. लाल आणि हिरवा नव्हते. पाकिटे मात्र जागेवर होती आणि त्यांच्या तोंडाच्या घड्या जशाच्या तशा घातलेल्या होत्या. घाईत चोरणारा माणूस घडी घालत बसत नाही. ज्याला पेटी रोज हाताळायची असते आणि रिकामे पाकीट इतक्यात कोणी उघडू नये असे वाटते, तोच एवढी काळजी घेतो. पेटीची किल्ली दोघांकडे असे, एक माझ्याकडे आणि दुसरी प्रयोगशाळेच्या मिस्त्रीकडे. मी ते कागद घेतलेले नव्हते.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. बुलडाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांतून नवी कॉलेजे निघत होती. इमारती आधी उभ्या राहत, उपकरणे मागाहून येत आणि ती शिकवणारी माणसे सर्वांत शेवटी. मी मूळची संग्रामपूरची. नागपूरहून पदार्थविज्ञान घेऊन एम.एस्सी. झालेली आणि विज्ञान शाखेतली एकटीच बाई. एका वर्षाच्या परिवीक्षेवर होते. ही प्रयोगशाळा जिल्ह्यात पहिल्या क्रमांकाची करायची आणि त्या बळावर पुढे संशोधनाला जायचे, असा माझा हिशेब होता. या हिशेबात मिस्त्री बसत नव्हता.

मिस्त्री चाळिशीच्या आसपासचा. अमडापूरचा राहणारा, मुसलमान कुटुंबातला. रोज सकाळी एस.टी.ने येई. अंगाने सडपातळ, बोलणे कमी. हाताला उत्तम वळण होते, हे मी पहिल्याच आठवड्यात मान्य केले होते. त्याने तासलेल्या लाकडी खुंट्या आणि जोडलेले रिओस्टॅट पाहून तसे म्हणणे भागच होते. पण त्याच्या वागण्यात काही विसंगती होत्या. मी त्या एका वहीत टिपून ठेवू लागले. तेव्हा मला ती शास्त्रीय सवय वाटत असे.

पहिली नोंद अशी: मी "ती लाल वायर द्या" म्हटले की मिस्त्री आधी शिपायाकडे पाही. शिपाई जवळ असला तर तोच पुढे होऊन वायर देई. नसला तर मिस्त्री विचारी, "कोनती बाई, लांब का आखूड?" रंग सांगितल्यावर लांबी कशाला विचारायची, हे मला कळेना.

दुसरी नोंद तक्त्याची. पाणी आणि ग्लिसरीन सारख्याच परिस्थितीत किती वेगाने थंड होतात, हे दाखवणारा एक मोठा आलेख मी स्वतः काढला होता. पाण्याची रेघ लाल आणि ग्लिसरीनची हिरवी. तो भिंतीवर लावून होताच एका विद्यार्थ्याने मिस्त्रीला विचारले, "यातली पाण्याची कोणती हो?" मिस्त्री म्हणाला, "बाईले इचार." विद्यार्थी गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "बाई, रेघेवर नावच लिहून टाका ना. पाणी म्हनून, ग्लिसरीन म्हनून."

"रंग दिलेत ना मिस्त्री. कोपऱ्यात खूणही लिहिली आहे."

"हाव, लिहेल हाये," एवढेच म्हणून तो गेला. मला तो उद्धटपणा वाटला. माझ्या तक्त्यात दुरुस्ती सुचवणारा हा कोण, असेही वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

तिसरी नोंद गाठींची. प्रयोगशाळेत आठ टेबले होती आणि प्रत्येकावर तीन पिनांचा सॉकेट असलेले लाकडी बोर्ड. प्रत्येक बोर्डामागे भिंतीतून तीन तारा येत: विजेचा प्रवाह आणणारी फेजची लाल, तो परत नेणारी न्यूट्रलची काळी आणि अर्थिंगची, म्हणजे जमिनीशी जोडलेली, हिरवी. या प्रत्येक तारेवर साधा पांढरा सुती दोरा बांधलेला होता आणि त्याला गाठी मारलेल्या होत्या. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. सात टेबलांशी लाल तारेवर एक गाठ, काळीवर दोन आणि हिरवीवर तीन. पण चार नंबरच्या टेबलाशी एक गाठ हिरव्या तारेवर होती आणि तीन लालवर. मी वहीत लिहिले: 'गाठींना पद्धत नाही. निष्काळजीपणा, किंवा काही गावठी तोडगा.'

त्यात हे कागद गेले. म्हणजे चौथी नोंद.

याच सुमारास प्राचार्यांनी मला बोलावले. ते खुर्चीत नेहमी एका कडेला बसत, जणू दुसऱ्या कडेला कोणी अदृश्य माणूस बसलेला आहे. "पुढच्या सोमवारी विद्यापीठाची समिती येतेय," ते म्हणाले. "मिस्त्री अडीच वर्षं तात्पुरता आहे. या वेळी कायम करायचा की सोडायचा, ते ठरवावं लागेल. प्रयोगशाळा तुमच्या ताब्यात आहे. अहवाल तुम्ही द्या. मोघम नको."

"वाईट असला तर वाईट लिहू?"

"तुम्ही सायन्सच्या. मोजून लिहा."

मिस्त्रीची नोकरी माझ्या एका पानावर येऊन थांबली आहे, हे त्या क्षणी मला स्पष्ट समजले. त्याला ते माझ्याआधीच समजले असावे. त्या दिवसापासून तो मला पाहताच हातातले काम थोडे सावकाश करू लागला. मला वाटले, हा पुरावे पुसत असणार.

समितीसाठी प्रयोगशाळेला चुना लावायचा ठरला. त्यासाठी टेबले मधोमध ओढली, मेन स्विच बंद केला, बोर्ड काढून घेतले. भिंतीतून तारांचे आठ झुपके लोंबत राहिले आणि त्यांवर ते मळके दोरे. मी शिपायाला कात्री दिली. "हे सगळे दोरे कापून टाका. समितीसमोर हे काय गंडेदोरे?"

शिपाई घाटाखालच्या गावचा, हसरा आणि जिभेचा मोकळा. "मिस्त्रीचे तावीज हायेत बाई ते. कापले त मिस्त्रीले ताप येईन."

मिस्त्री शिडीवरून खाली उतरला. "बाई, ते राहू द्या."

"का?"

"खुना हायेत."

"खुणेसाठी तारांना रंग दिलेले आहेत."

शिपायाने दोरे कापले. मिस्त्री बाजूला उभा राहून पाहत होता. चार नंबरच्या तारांशी कात्री आली तेव्हा त्याने हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. मी तेही वहीत लिहिले. हे प्रामाणिकपणे सांगते: तो नेमका कोणत्या तारांशी हात पुढे करतो आहे, हे मी लिहिले, तो का करतो आहे, असे विचारले नाही.

चुना वाळला. शनिवारी सकाळी बोर्ड पुन्हा जोडायचे होते. मी नऊलाच हजर झाले. दहा वाजले, साडेदहा वाजले, तरी मिस्त्रीने एकही तार जोडली नव्हती. आधी पेचकस सापडत नाही म्हणाला. मग शिपायाला चहा आणायला पाठवले. मग खिडकीची काच पुसू लागला. आठ बोर्ड म्हणजे चोवीस तारा. माहितगार माणसाला तासाभराचे काम. मला वाटले, दोरे कापल्याचा राग काढतो आहे, समितीसमोर मला अडचणीत आणतो आहे.

मी पेचकस उचलला आणि त्याच्यासमोरच चार नंबरचा बोर्ड जोडून दाखवला. लाल तार फेजच्या जागी, काळी न्यूट्रलच्या, हिरवी वरच्या जाड पिनेच्या. दोन मिनिटे लागली. "असं," मी म्हणाले, आणि हात झटकत शेजारच्या कोठाराच्या खोलीत गेले.

कोठाराच्या दाराला फट होती. तिच्यातून पाहणे शोभणारे नव्हते, तरी मी पाहिले.

मिस्त्रीने दार लोटलेले आहे याची खात्री केली. मग पहिल्या टेबलाच्या तारा खिडकीच्या उजेडाकडे ओढल्या, सदऱ्याच्या खिशातून एक जुने पोस्टकार्ड काढले आणि त्याच्या घडीतून दोन चौकोनी तुकडे बाहेर काढले. एक लाल, एक हिरवा. त्याने एक डोळा मिटला, लाल तुकडा दुसऱ्या डोळ्यासमोर धरून एका तारेकडे पाहिले. मग हिरवा धरून पुन्हा त्याच तारेकडे. मग दुसरी तार, तसेच. मग तिसरी.

मी दार उघडले. "ते कागद कॉलेजचे आहेत, मिस्त्री."

तो दचकला नाही. तुकडे तळहातावर तसेच ठेवून म्हणाला, "हाव बाई. कॉलेजचेच हायेत."

"परवानगीशिवाय घेतलेत. कापलेतसुद्धा."

"घेतले. कापले." मग म्हणाला, "मले लाल आन् हिरवं येगयेगळं दिसत नाई, बाई. दोन्ही एकच. सुकेल पाल्यावानी."

माझ्या मनात पहिला विचार आला तो दयेचा नव्हता. माणूस रंगेहाथ सापडल्यावर इतकी सोयीची सबब पुढे करतो, असे मला वाटले. दुसरा विचार आला: हा माणूस अडीच वर्षे विद्यार्थ्यांच्या हाताखालच्या विजेच्या तारा जोडतो आहे.

"कधीपासून?" मी विचारले.

"पैदा झालो तवापासून. लहानपनी मिरच्या तोडाले नेत, त मी हिरव्याबी तोडून टाके. मार खाल्ला. माह्ये मामूबी तसेच होते. मंग जवानीत रेल्वेत नोकरी पाहाले गेलो. दिवसा सिग्नलचा हात दिसे. आडवा असला का थांब, झुकला का चाल. मी म्हनो, एवढं त कोनालेबी येते. पन डाक्टरनं ठिपक्यायचं पुस्तक उघडलं. म्हने, यातला आकडा सांग. मले त्याच्यात आकडाच नाई दिसला." तो किंचित हसला. "रातीले त सिग्नलचा हात दिसत नाई, निस्ता दिवा दिसते, आन् दिव्याले हात नसते."

मामाचा उल्लेख मला खटकला, म्हणजे पटण्याच्या बाजूने खटकला. हा दोष आईकडून मुलाकडे येतो, त्यामुळे तो मामा-भाच्यात दिसणे अगदी साहजिक. आणि खोटे रचणारा माणूस वडिलांचे नाव घेईल, मामाचे सुचणार नाही. पण मला केवळ पटणे पुरेसे नव्हते.

"आणि हे कागद? हे कोणी शिकवलं?"

"तुमीच," तो म्हणाला. "तुमच्या तक्त्यानं. मी पेटी पुसून राह्यलो होतो, लाल कागद उचलला आन् सहज भितीकडं पाह्यलं, त तक्त्यावरची एक रेघ गायब. दुसरी काळीभोर. हिरव्यातून पाह्यलं, त उलटं. पैल्यांदा मले समजलं का बाईनं दोन येगळ्या रेघा मारल्या."

लाल कागदातून मुख्यतः लाल प्रकाशच पलीकडे जातो. म्हणून पांढऱ्या कागदावरची लाल रेघ पार्श्वभूमीत विरून जाते आणि हिरवी काळी दिसते. हे मी त्याच आठवड्यात फळ्यावर लिहून, आकृतीसह शिकवले होते. त्या धड्याचा एवढा उपयोग कोणाला होऊ शकेल, हे मात्र माझ्या डोक्यात आले नव्हते. मिस्त्रीने स्वतःचा नियम बांधला होता: लाल कागदातून उजळ आणि हिरव्यातून काळपट, तर तार लाल, हिरव्यातून उजळ आणि लालमधून काळपट, तर हिरवी, दोन्हीतून काळी ती काळी. एकाच कागदाने भागले नसते, कारण नुसत्या लाल कागदातून हिरवी आणि काळी दोन्ही अंधारीच दिसतात. त्याला दोन का लागले, हे मी तिथल्या तिथे पडताळून पाहिले. तर्कात चूक सापडली नाही. म्हणून मी प्रयोग करायचा ठरवला.

तारांच्या भंगारातून मी वीस तुकडे कापले. काही नवे, काही कापसाच्या वेष्टणाचे, जुने आणि विटलेले. मागे चिठ्ठीवर खरा रंग लिहून ते चिठ्ठी खाली ठेवून मांडले. शिपाई चहा घेऊन आला तो साक्षीदार झाला. आधी कागदांशिवाय.

"हा सांगा."

"लाल... नाई, हिरवा."

"मिस्त्री, लगन लावून राह्यले का?" शिपाई म्हणाला. "येका पोरीले दोनदा पाहाल त तिचा बाप मारीन."

"तू चूप बस बे. चहा थंडा करू नको."

काळे तुकडे त्याने बरोबर ओळखले. ते उजेड-अंधाराच्या फरकाने कळत. लाल-हिरव्यात मात्र त्याची उत्तरे नाणे उडवल्यासारखी होती. ती जाणूनबुजून चुकीची दिली असावीत का, हेही मी तपासले. मधून मधून तेच तुकडे पुन्हा दाखवले. तो स्वतःशीच विसंगत निघाला. सोंग करणाऱ्याला एवढी बेशिस्त जमत नाही.

मग कागदांसह. अठरा तुकडे अचूक. उरलेल्या दोनांवर तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "हे मले नाई सांगता येत. लई मळेल हायेत." ते दोन मी मुद्दाम ठेवलेले, काळवंडलेले तुकडे होते; त्यांचा रंग मी मूळ तारेच्या स्वच्छ भागावरून लिहिला होता. मला स्वतःलाही चिठ्ठी पाहिल्याशिवाय त्यांची खात्री नव्हती.

अजून एक परीक्षा मी शिल्लक ठेवली होती. ती त्याला न सांगता. कोपऱ्यात बॅटऱ्या भारायचे यंत्र होते. त्यावर दोन दिवे: यंत्र चालू असले की लाल, थांबले की हिरवा. मिस्त्री ते जागेवरून ओळखत असणार, असा माझा तर्क होता; लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. तो हात धुवायला गेला तेव्हा मी दोन्ही दिव्यांच्या रंगीत काचटोप्या काढून अदलाबदल केल्या. परत आल्यावर त्याला सांगितले, "यंत्र चालू करून सांगा, कोणता दिवा लागला?"

यंत्राला वीज मेनच्या आधीच्या वेगळ्या जोडावरून मिळत असे, त्यामुळे ते चालू झाले. डावा दिवा लागला. मिस्त्री क्षणभर पाहत राहिला. मग लाल तुकडा डोळ्यासमोर धरला, हिरवा धरला, यंत्राची घरघर ऐकली, मीटरच्या काट्याकडे पाहिले.

"यंत्र चालू हाये. काटा चढला. पन दिवा हिरवा हाये." मग माझ्याकडे न पाहता, "टोप्या कोनंतरी बदलल्या, बाई."

शिपाई चहाच्या कपात हसला. मी टोप्या पुन्हा जागेवर लावल्या.

आता माझा संशय दुसऱ्या रूपात उभा राहिला. पद्धत अचूक आहे, ठीक. पण उजेड कमी असला, तार मळलेली असली, तर काय? मी विचारण्याआधीच त्याने उत्तर दिले: "कागद निस्ता इचारते, बाई. सांगते टेस्टर." आणि मग, पहिल्यांदाच माझ्या नजरेला नजर देत, "म्हनूनच सांगतो. सातही बोर्ड लागू द्या, मेन दिला तरी टेबलावर कायी लावू नका. पैले चार नंबर पाहू."

"चार नंबर मी जोडला आहे."

"हाव. म्हनूनच."

मला वाटले, हा आता माझ्यावर उलटतो आहे. चोरी पकडली गेली, दोष उघड झाला, तेव्हा बाईच्या कामातही काहीतरी काढायचे. त्याने सात बोर्ड जोडले, प्रत्येक तार दोन्ही कागदांतून पाहून. दुपारी एक वाजता मी स्वतः मेन दिला. सगळे सॉकेट रिकामे. मिस्त्रीने टेस्टर मला दिला. "तुमीच पाहा."

टेस्टर म्हणजे पेचकसासारखी दांडी, आत छोटा निऑनचा दिवा. टोक फेजला टेकवून मागच्या टोपीवर बोट ठेवले की दिवा लागतो. मी चार नंबरच्या सॉकेटच्या उजव्या भोकात तो घातला. तिथे फेज असायला हवा होता. दिवा लागला नाही. डाव्या भोकात लागायला नकोच होता, लागला नाही. मग मी तो वरच्या जाड भोकात घातला. तिथे अर्थिंग. तिथे कधीच, कोणत्याही परिस्थितीत, दिवा लागता कामा नये.

माझ्या बोटाखाली तो नारिंगी उजळला.

मी टेस्टर काढून पुन्हा घातला. तिसऱ्यांदा घातला. सोमवारी समितीसमोर त्या टेबलावर तांब्याचे वॉटर बाथ, म्हणजे विजेवर पाणी तापवायचे भांडे, लावायचे होते. त्याच्या धातूच्या अंगाशी ती जाड पिन जोडलेली असते आणि विद्यार्थी ते अंग हाताने सरकवतात.

मी मेन बंद केला. भिंतीत कुठेतरी, बांधकामाच्या वेळी, कोणीतरी जोड देताना लाल आणि हिरवी तार बदलली होती. चार नंबरशी हिरवी तार फेजची होती आणि लाल अर्थिंगची. आणि तिच्यावर, त्या हिरव्या तारेवर, एक गाठ होती. गाठींना पद्धत होती; एक म्हणजे फेज, दोन म्हणजे न्यूट्रल, तीन म्हणजे अर्थिंग. मिस्त्रीने त्या लाल-हिरवा पाहून नव्हे, टेस्टर लावून मारल्या होत्या; काळी तार त्याला नुसती दिसे, उरलेल्या दोनांत दिवा लागे ती फेजची, न लागे ती अर्थिंगची. पद्धत नाही असे ज्या टेबलावरून मी ठरवले होते, तेच एक टेबल जिथे दोरा खरे सांगत होता आणि रंग खोटे. आणि तो दोरा मी कापून टाकला होता.

मी विचारले, आणि आवाज हवा त्यापेक्षा चढला: "तुम्हाला अडीच वर्षं माहीत होतं? हिरव्या तारेत वीज आहे हे माहीत होतं आणि तुम्ही नुसती गाठ मारून गप्प बसलात?"

"मले कुठं माहीत होतं का ते हिरवं हाये?" तो म्हणाला. "टेस्टरनं सांगतलं का याच्यात फेज हाये. मी गाठ मारली. येक डाव असं वाटलं का बाकीच्या टेबलाहून याचा रंग उलटा असन. पन तार चुकली का माही नजर चुकली, हे मी कोनाले इचारू? इचारलं असतं त पैले मलेच इचारलं असतं, तुले दिसते का म्हनून." मग म्हणाला, "कागद सापडले तवा पाह्यलं. मंग खातरी झाली. मंग तुमचा चुना निंघाला."

"चुन्याच्या दिवशी तरी सांगायचं!"

"बाई, तुमी अहवाल लिहून राह्यल्या होत्या."

त्याची चूक होतीच. धोका ठाऊक असताना तो नोकरीच्या भीतीने लपवणे ही लहान गोष्ट नाही, आणि मी ती आजही लहान मानत नाही. पण ती भीती कुठून आली, याचे उत्तर माझ्या वहीत चार नोंदींच्या रूपाने लिहिलेले होते.

रविवारी मी अहवाल लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात मी त्याच्या डोळ्यांबद्दल काहीच लिहिले नाही. कौतुक लिहिले, कसब लिहिले. वाचल्यावर तो मसुदा मला संशयास्पद वाटला. दया करताना माणूस जे टाळतो, ते मी टाळत होते. मी तो फाडला. दुसऱ्या मसुद्यात सगळे लिहिले: लाल-हिरवा भेद दिसत नाही, दोन कागदांनी तो ठरवता येतो, मळलेल्या तारेवर पद्धत अपुरी पडते, अंतिम निर्णय टेस्टरचा. सोमवारी समितीच्या आधी मिस्त्रीला बोलावून ते पान वाचून दाखवले. त्याला न कळवता पाठवणे मला योग्य वाटेना.

तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "लिहा बाई. सगळं लिहा. पन चार नंबरबी लिहा."

"चार नंबर?"

"कोनं जोडला ते."

मी परिवीक्षेवर होते. हे त्याला माहीत होते. मी त्याच्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती, वैरही नव्हते. तो मला तसाच तपासत होता, जसा मी त्याला वीस तुकड्यांनी तपासला होता. मी पेन उघडले आणि पानाच्या तळाशी लिहिले की टेबल क्रमांक चार मी स्वतः केवळ रंगांवर विसंबून चुकीचे जोडले, आणि ती चूक मिस्त्रीच्या सांगण्यामुळे वेळेत सापडली.

प्राचार्यांनी ते पान दोनदा वाचले. "हे शेवटचं वाक्य कशाला?" ते म्हणाले. मग चष्मा काढून, सावधपणे: "त्यानं तुमच्यावर काही दबाव टाकला का?"

"टाकला," मी म्हणाले. "खरं लिहायचा."

ते हसले नाहीत. पण पान त्यांनी फायलीत लावले. मिस्त्रीला त्या वर्षी कायम केले गेले, एका अटीवर: त्याच्या प्रत्येक जोडणीवर दुसऱ्या माणसाची तपासणी आणि सही हवी. तो दुसरा माणूस मी ठरले. माझ्या जोडणीवर कोणाची सही हवी, हे त्या अटीत नव्हते. ते मिस्त्रीने स्वतःच ठरवून टाकले.

त्या सोमवारी, समिती प्राचार्यांच्या खोलीत चहा घेत असताना, आम्ही घाईने उरलेली कामे केली. भिंतीतल्या चुकीच्या जोडाचा शोध सुट्टीत घ्यायचा ठरला. तोवर चार नंबरचा बोर्ड टेस्टरप्रमाणे जोडला. दोऱ्यांऐवजी चिकटपट्टीवर काळ्या शाईने आकडे लिहिले: एक, दोन, तीन. प्रत्येक तारेवर ते गुंडाळले. यंत्राच्या दिव्यांखाली 'चालू' आणि 'बंद' असे लिहिले. माझा तक्ता मी उतरवला, मागच्या बाजूला पुन्हा काढला; पाण्याची रेघ अखंड, ग्लिसरीनची तुटक आणि दोन्हींवर नावे. मिस्त्रीने तो भिंतीवर लावला, दोन पावले मागे सरला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "ग्लिसरीन जल्दी थंडं होते."

व्हरांड्यात पावले वाजली. समिती येत होती. मी टेस्टर घेऊन आठही सॉकेट एकामागून एक तपासले: उजव्या भोकात उजेड, डाव्यात नाही, जाडात नाही. सगळे ठीक होते. मी तसे मोठ्याने सांगितले.

मिस्त्रीने माझ्या हातातून टेस्टर घेतला आणि चार नंबरपासून पुन्हा सुरुवात केली.